रेफरल दिलेल्या दादाला मी काय काय कळवलं

कॉलेजच्या एका सीनियरने हिंजवडीतल्या आपल्या कंपनीत माझा रेझ्युमे रेफर केला होता. पोर्टलवर त्याला माझ्या नावापुढे नुसतं ‘इन प्रोसेस’ दिसायचं. मुलाखत झाली का, पुढची फेरी कधी, हे मी सांगेन तेव्हाच त्याला कळणार. म्हणून पहिली टेक्निकल फेरी झाली त्याच संध्याकाळी मेसेज टाकला:

‘दादा, आज पहिली फेरी झाली. डेटाबेस आणि माझ्या प्रोजेक्टवरच भर होता. एका ठिकाणी अडखळले, बाकी बरी गेली. आठवडाभरात कळवतो म्हणालेत. तू लगेच काही करू नकोस, फक्त कळवून ठेवतेय.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. ते नसतं तर ‘जरा एचआरला विचार ना’ असाच त्याने अर्थ काढला असता. नेमके प्रश्न लिहिले नाहीत, कारण उद्या त्याच जागेसाठी त्याने आणखी कुणाला रेफर केलं तर प्रश्न फुटल्याचा आळ त्याच्यावर यायचा. मुलाखत घेणाऱ्याबद्दलही चकार शब्द काढला नाही. तो त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारा निघाला तर?

आठवडा उलटला, उत्तर नाही. आधी मुलाखतीच्या मेलवरच एचआरला विचारलं. तिथूनही काही येईना, तेव्हा दादाला जॉब आयडी, मुलाखतीची तारीख आणि रिक्रूटरचं नाव पाठवलं. ‘काही झालं का रे?’ एवढंच विचारलं असतं तर हे सगळं त्यालाच शोधत बसावं लागलं असतं. त्याने चौकशी केली, तर रिक्रूटर बदलल्याचं कळलं. नव्या बाईंनी मॅनेजरची फेरी लावून दिली.

त्या फेरीनंतर नकाराचा मेल आला, नेहमीचा साचेबंद. तो वाचला आणि लगेच दादाला लिहिलं:

‘दादा, मॅनेजर राउंडनंतर रिजेक्ट झाले. तू रेफर केलंस आणि मध्ये अडकलेलं पुढे सरकवलंस, त्याबद्दल मनापासून थँक्स. सिस्टिम डिझाइनमध्ये कमी पडले असं मला वाटतं, त्यावर काम करतेय.’

‘का नाही घेतलं ते विचारशील का?’ हे टाळलं. आतला फीडबॅक बाहेर सांगायला बहुतेक कंपन्यांत परवानगी नसते. त्याला उगाच अवघडल्यासारखं झालं असतं. रेफरल बोनसही सहसा उमेदवार जॉइन होऊन काही महिने टिकला तरच मिळतो, तेव्हा त्याच्या हाती यातून काहीच लागलं नव्हतं. ऑफर मिळाली असती आणि मला ती नाकारायची असती, तर एचआरच्या आधी त्याला फोन केला असता. अशी बातमी त्याला ऑफिसात दुसऱ्या कुणाकडून कळणं बरं नव्हे.

त्याचं उत्तर रात्री आलं: ‘अगं ठीक आहे. आमच्याकडे सहा महिन्यांचा कूलिंग पीरियड असतो. तो संपला की नवा रेझ्युमे पाठव.’