आमची वाटचाल: एका पाकिटातून किती प्लेट?

साताऱ्यात कॉलेजच्या रस्त्यावर आम्ही गाडी लावली ती सप्टेंबर २०२१ मध्ये. यांची नोकरी लॉकडाऊनमध्ये गेली होती आणि घरात माझ्या हातच्या पाणीपुरीचं कौतुक होतं, एवढंच भांडवल. पहिले सहा महिने रोज गल्ला भरलेला दिसायचा आणि महिन्याच्या शेवटी हातात काही उरायचं नाही. हे म्हणायचे, "पुरीला साडेतीन रुपये, बटाट्याला रुपया, मग पैसे जातात कुठे?" हिशोब त्यांचा बरोबर होता, कागदावर. आज मी लिहितेय ते कागद आणि गाडी यांच्यातल्या फरकाबद्दल. आकडे डिसेंबर २०२३ चे आहेत, तेव्हा आम्ही ३० रुपयांना सहा पुऱ्यांची प्लेट द्यायचो.

सुरुवात पुरीपासून. शंभर नगांचं पाकीट आम्हाला ५५ रुपयांना पडायचं. सहाने भागलं तर सोळा प्लेट, म्हणजे प्लेटला जेमतेम साडेतीन रुपये. एका रविवारी मी ठरवून प्रत्येक पाकीट फोडताना मोजलं. शंभरातल्या नऊ पुऱ्या आधीच फुटलेल्या, कारण आम्ही पाकिटं पोत्यात भरून स्कूटरच्या पुढे ठेवून आणायचो. चार चपट्या, न फुगलेल्या. आणि तीन अंगठा लावताना तळापर्यंत फुटल्या. हातात उरल्या ८४. आता प्लेटमध्ये पुऱ्या सहा, पण शेवटी "काकू, एक सुकी द्या ना" हे असतंच, म्हणजे सात. ८४ भागिले ७, बारा प्लेट. प्लेटला साडेतीन नाही, चार रुपये अठ्ठावन्न पैसे. रोज साधारण नव्वद प्लेट जातात, त्यामुळे नुसत्या पुरीच्या खात्यात शंभरच्या वर रुपये आम्ही आमच्या हिशोबात धरतच नव्हतो.

तेव्हापासून पाकिटं पत्र्याच्या डब्यात उभी ठेवून आणतो आणि गाडीवर एका वेळी एकच फोडतो. पावसाळ्यात तर हे फारच पाळावं लागतं. उघडं पाकीट तासाभरात सादळतं, आणि सादळलेली पुरी फुटत नाही, चिवट होते, अंगठ्याने भोक पाडायला गेलं की वेडीवाकडी फाटते. गिऱ्हाईक पहिल्या घासातच ओळखतं. तुटक्या पुऱ्या आम्ही टाकत नाही, भेळेत जातात. चपट्या शेवपुरीला चालतात. तरी पाणीपुरीच्या हिशोबातून त्या गेल्याच.

सुकी पुरी बंद करून बघितली का? बघितली. एका सुक्या पुरीत पुरीचे पासष्ट पैसे, वर बटाटा आणि शेव, असं सव्वा रुपयाच्या आसपास जातं. नव्वद प्लेटला शंभरच्या वर रुपये वाचतील असं गणित मांडलं आणि एका सोमवारी "सुकी पाच रुपये" अशी पाटी लावली. पहिल्या दिवशी पोरं हसली. दुसऱ्या दिवशी कुणी काही बोललं नाही, पण आठवड्याअखेर प्लेट सत्तरवर आल्या. वाचलेल्या शंभरासाठी तीनशे घालवले होते. पाटी काढली. ती लाकडी पाटी अजून सिलिंडरखाली आहे, टाकी डुगडुगू नये म्हणून.

बटाट्यात नुकसान दिसत नाही, ते चवीतून येतं. किलो २४ रुपयांचा बटाटा उकडून सोलला की साधारण ८८० ग्रॅम उरतो. प्लेटला आम्ही ४० ग्रॅम बटाटा आणि वर गरम रगडा घालतो, म्हणजे किलोत बावीस प्लेट, प्लेटला एक रुपया दहा पैसे. रगड्याचंही तेवढंच: ऐंशी रुपये किलोचा पांढरा वाटाणा भिजवून शिजवला की दुपटीपेक्षा जास्त होतो. पण एकदा स्वस्त म्हणून कोल्ड स्टोरेजमधल्या बटाट्याचं पोतं घेतलं. थंडीत राहिलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, तो उकडल्यावर गोडसर लागतो. आम्ही मीठ-तिखट वाढवत बसलो, तरी "आज पुरी गोड का?" हे विचारणं थांबेना. अगदी नवा, पातळ सालीचा बटाटाही नको, तो उकडल्यावर चिकट होतो आणि पुरीत गोळा बसतो. आता पोतं घेण्याआधी दोन बटाटे घरी आणून उकडते आणि नुसते खाऊन बघते. दुकानदार हसतो, हसू दे.

पाण्याला लोक फुकट समजतात. जार २० लिटरचा, ४० रुपयांचा. पुरीत पाणी पंचवीस मिलीलिटर जातं, शेवटी वाटीभर प्यायला मागतात, हाताखाली सांडतं ते वेगळं. प्लेटला पाव लिटर धरा. एका जारमध्ये ८० प्लेट, म्हणजे नुसत्या पाण्याचे प्लेटला पन्नास पैसे. पण त्या जारात पुदिना, कोथिंबीर, मिरची, आलं, चिंच, लिंबू, पादेलोण आणि भाजलेलं जिरं मिळून १७० रुपये जातात. म्हणजे प्लेटमधल्या पाण्याची किंमत दोन रुपये साठ पैसे, बटाट्याच्या दुपटीहून जास्त. मे महिन्यात पुदिना महाग झाला की हाच आकडा सगळ्यात आधी हलतो.

इथे आम्ही दोन गोष्टी बदलल्या. पुदिना मिक्सरमध्ये वाटताना गरम झाला की काळपट पडतो, मग रंग यावा म्हणून जास्त पुदिना घालावा लागायचा. आता पाने थंडगार पाण्यात घालून थोडं थोडं वाटते, देठ काढून. आणि बर्फ पाण्यात टाकत नाही, पाण्याचं पातेलं बर्फाच्या टबात ठेवतो. आधी रात्री नऊनंतर पाणी पांचट व्हायचं आणि मी मसाला पुन्हा घालायचे. तोच मसाला दोनदा विकत घेतल्यासारखं.

गॅसचं खरं खूप उशिरा कळलं. सुरुवातीला घरची लाल टाकी आणायचो. घरगुती टाकी धंद्याला वापरायला कायद्याने बंदी आहे, शिवाय शेजारच्या वडापाववाल्या दादांनीच समजावलं, मग १९ किलोची व्यावसायिक टाकी घेतली. तेव्हा ती १८०० च्या आसपास, म्हणजे किलोला ९५ रुपये. रोज किती जळतो हे टाकी हलवून कळत नाही. मी रोज सकाळी ती भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवायला लावली आठवडाभर. हे वैतागले होते. रोज एक किलो शंभर ग्रॅम जात होता. शिजवायला एवढा गॅस लागत नाही. जात होता तो संध्याकाळी पाच ते दहा रगडा मंद आचेवर ठेवण्यात, झाकण उघडं, वाऱ्याला अर्धी ज्योत बाहेर. आता वाटाणा रात्रभर भिजतो, कुकरमध्ये शिजतो, गाडीवर जाड बुडाच्या झाकणाच्या भांड्यात असतो आणि अर्ध्या तासाने पाच मिनिटं आच. बर्नरभोवती पत्रा लावला. रोजचा गॅस सहाशे ग्रॅमवर आला, प्लेटला एक रुपया वीसवरून पासष्ट पैशांवर.

कागदी द्रोण ही छोटी गोष्ट, पण तिथे मी स्वतःच फसले. शंभराला ३५ रुपयांचे द्रोण घेतले आणि खूश झाले. दोन पुऱ्यांनंतर तळ ओला व्हायचा, म्हणून हाताखालचा पोरगा आपोआप दोन दोन एकात एक घालून द्यायचा. म्हणजे सत्तर पैसे. ५५ चा जाड द्रोण घेतला तेव्हा पंचावन्न पैसे झाले आणि कुणाच्या पँटवर पाणी सांडणं थांबलं.

आता सगळं एकत्र. पुरी ४.५८, बटाटा आणि रगडा २.२०, पाणी २.६०, गॅस ०.६५, द्रोण ०.५५. कांदा, शेव, गोड चटणी मिळून २.२०. झाले बारा रुपये अठ्ठ्याहत्तर पैसे. तीसमधून वजा जाता सतरा रुपये बावीस पैसे. लोक इथे थांबतात आणि म्हणतात, अर्ध्याहून जास्त नफा! आम्हीही म्हणायचो.

या सतरात रोजचे ठरलेले सहाशे बसतात: हाताखालच्या पोराचे ४००, बाकी जागा, लाइट आणि माल आणण्याचं भाडं. म्हणजे पहिल्या पस्तीस प्लेट आम्ही आमच्यासाठी विकतच नाही. शिवाय उरलेला माल. ११० प्लेटची तयारी करून ८८ विकल्या, तर बावीस प्लेटचा बटाटा, रगडा आणि पाणी गेलं. उकडलेला बटाटा दुसऱ्या दिवशी वापरायचा नाही हे आम्ही पहिल्यापासून पाळतो. उन्हाळ्यात रात्रीच आंबूस वास येतो. ते शंभर रुपये धरले की प्लेटमागे सोळा रुपये, आणि सहाशे वजा जाता दोघांना मिळून दिवसाचे आठशेच्या आसपास. पावसाच्या संध्याकाळी पस्तीसच गेल्या तर मोकळ्या हातानं घरी, आणि तयारी नेहमीएवढी केली असेल तर पदरचे घालून.

म्हणून तयारी दोन वेळा करतो. दुपारी साठ प्लेटचीच. बटाट्याचा दुसरा कुकर धुऊन, कच्चा भरून गाडीखाली तयार असतो. सात वाजता पोरगा वापरलेल्या द्रोणांवरून आकडा सांगतो. चाळीसच्या वर असेल तर कुकर चढतो, नाहीतर बटाटे तसेच घरी जातात, कच्चा बटाटा काही बिघडत नाही. परवा शनिवारी आकडा अडतीस होता. हे म्हणाले, चढवू या, शनिवार आहे. मी नको म्हटलं. पावणेआठला कॉलेजच्या स्पर्धेची दोन बसभर पोरं उतरली आणि साडेआठला बटाटा संपला. तेवढ्या रात्री ते माझ्याशी बोलले नाहीत.