पाव वॅटचा रेझिस्टर आणि १२ व्होल्टची मिश्र जोडणी

मागच्या नोंदीत निव्वळ एकसर आणि निव्वळ समांतर जोडण्या झाल्या होत्या. या वेळी दोन्ही एकत्र केल्या आहेत. १२ व्होल्टच्या अडॅप्टरपासून आधी १०० ओहमचा एक रेझिस्टर, आणि त्याच्यामागे २२० व ३३० ओहमची समांतर जोडी, अशी ही मांडणी आहे. बेळगावच्या बाजारात सुट्टे मिळणारे पाव वॅटचे रेझिस्टर वापरायचे असल्यामुळे वीज सुरू करण्याआधी प्रत्येकाची शक्ती कागदावर काढून घेतली.

अशा जोडणीत सुरुवात नेहमी सर्वांत आतल्या गटापासून करावी. समांतर जोडीचा परिणामी रोध म्हणजे दोन्ही रोधांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज: (२२० × ३३०) ÷ ५५० = १३२ ओहम. हे उत्तर जोडीतल्या लहान रोधापेक्षा, म्हणजे २२० पेक्षा, कमी यायलाच हवे. तसे आले नाही तर आकडेमोड तिथेच तपासावी. आता १३२ ओहम हा १०० ओहमशी एकसर झाला, म्हणून एकूण रोध २३२ ओहम. ओहमच्या नियमानुसार मुख्य विद्युतधारा १२ ÷ २३२ = ०.०५१७ अँपिअर, म्हणजे सुमारे ५१.७ मिलिअँपिअर.

इथून उलट्या दिशेने निघायचे. १०० ओहमवरचे विभवांतर ५.१७ व्होल्ट, आणि उरलेले ६.८३ व्होल्ट जोडीवर. जोडीतल्या दोन्ही रेझिस्टरना हेच विभवांतर मिळते, त्यामुळे २२० मधून ३१ आणि ३३० मधून २०.७ मिलिअँपिअर धारा वाहते. दोघांची बेरीज पुन्हा ५१.७ येते आणि ताळा जमतो.

खरी गोष्ट शक्तीची आहे. १०० ओहममध्ये I²R प्रमाणे ०.२६८ वॅट, २२० मध्ये V²/R प्रमाणे ०.२१२ वॅट आणि ३३० मध्ये ०.१४१ वॅट खर्च होतात. बेरीज ०.६२१ वॅट, आणि १२ × ०.०५१७ काढले तरी तेवढीच. सर्वांत कमी ओहमचा रेझिस्टर पाव वॅटची मर्यादा ओलांडतो, हे नवख्याला चमत्कारिक वाटते, कारण ‘रोध जास्त तितकी उष्णता जास्त’ हे वाक्य धारा समान असेल तेव्हाच, म्हणजे एकसर जोडणीतच, खरे असते. समांतर जोडणीत विभवांतर समान असते आणि तिथे लहान रोधच अधिक तापतो. इथे तर १०० ओहममधून दोन्ही फांद्यांची धारा एकट्याला वाहावी लागते. परीक्षेची गणिते बहुधा परिणामी रोधापाशी थांबतात, आणि माझ्या मते ती नेमकी चुकीच्या जागी थांबतात.

उपाय डब्यातच होता. १०० ओहमच्या जागी २२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर लावले की ११० ओहम होतात. एकूण रोध २४२, मुख्य धारा ४९.६ मिलिअँपिअर आणि जोडीवरचे विभवांतर ६.५५ व्होल्ट. पुढच्या दोघांत प्रत्येकी निम्मी धारा, म्हणून प्रत्येकी ०.१३५ वॅट, मागच्या जोडीतल्या २२० मध्ये ०.१९५ आणि ३३० मध्ये ०.१३ वॅट. आता कोणीही मर्यादेबाहेर नाही.

मात्र हे सगळे संपर्क शाबूत असतील तोवरच. खानापूरकडच्या पावसाळी दमट हवेत ब्रेडबोर्डच्या पट्ट्या आणि रेझिस्टरच्या तारा काळवंडतात, आणि एखादी तार वरून बसलेली दिसली तरी आत टेकलेली नसते. त्यामुळे प्रत्येक फांदी तुटल्याचे गणितही करून ठेवले. ३३० ची फांदी सुटली तर एकूण रोध ११० + २२० = ३३० ओहम होतो, मागच्या जोडीवर ८ व्होल्ट येतात आणि एकट्या पडलेल्या २२० वर ६४ ÷ २२० = ०.२९ वॅटचा भार पडतो. एकूण धारा कमी होते, ३६.४ मिलिअँपिअरवर येते, तरीही हा रेझिस्टर आधीपेक्षा जास्त तापतो. उलट २२० ची फांदी सुटली तर तिथे ९ व्होल्ट दिसतात आणि ३३० मध्ये ०.२४५ वॅट, म्हणजे अगदी काठावर. पुढच्या दोघांपैकी एक सुटला तर मागच्या जोडीवर ४.५ व्होल्टच उरतात आणि राहिलेल्या एकावर ०.२५६ वॅट येतात.

म्हणजे मल्टिमीटर फक्त मागच्या जोडीवर लावला तरी पुरे: ६.५ च्या आसपास असेल तर सर्व ठीक, ४.५, ८ किंवा ९ असेल तर सुटलेली फांदी कोणती ते लगेच कळते. सोनेरी पट्टीच्या रेझिस्टरमध्ये पाच टक्क्यांची तफावत असते, पण तिच्यामुळे हे चार आकडे एकमेकांत मिसळत नाहीत. मागच्या जोडीतला २२० आणि पुढचे दोन्ही मिळून तिन्ही रेझिस्टर आता अर्ध्या वॅटचे बसवत आहे. ३३० चा पाव वॅटचाच ठेवला आहे, आणि पुढच्या मोजणीत त्याच्यावर लक्ष राहील.