हप्ता आज झेपतो, पण व्याज तीन टक्क्यांनी वाढलं तर?

माझा भाचा बुटीबोरीला नोकरी करतो आणि नागपुरात फ्लॅट बघतोय. बँक त्याला तीस लाख द्यायला तयार आहे: साडेआठ टक्के बदलता दर, वीस वर्षं, हप्ता २६,०३५ रुपये. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाहून दादाचा फोन आला, "बाई, हप्ता तं निघते ना, मंग काऊन थांबाचं?"

थांबायला मी सांगितलं, कारण इथे मेलबर्नला आमचं कर्ज मंजूर होण्याआधी बँकेने जो हिशेब केला तो मला फार शहाणपणाचा वाटला. ऑस्ट्रेलियात बँकांवर देखरेख करणाऱ्या 'अप्रा' या संस्थेने ऑक्टोबर २०२१ पासून सांगून ठेवलंय की कर्जदाराची ऐपत चालू दराने नाही, त्यापेक्षा तीन टक्के जास्त दराने तपासायची. ओव्हरटाइमसारखी कमी-जास्त होणारी मिळकत तर बऱ्याच बँका पूर्ण धरतच नाहीत. तरीही ही तीन टक्क्यांची तरतूद अपुरी पडली. इथल्या रिझर्व्ह बँकेचा दर एप्रिल २०२२ मध्ये ०.१० टक्के होता, तो नोव्हेंबर २०२३ पर्यंत ४.३५ वर गेला. आपल्याकडेही मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्के झाला. तेव्हा तीन टक्के धरणं म्हणजे उगाच घाबरणं नाही.

भाच्याला एक्सेलमध्ये एवढंच टाकायला लावलं:

```
=PMT(8.5%/12,240,-3000000)
=PMT(11.5%/12,240,-3000000)
```

दुसरं उत्तर आलं ३१,९९३. म्हणजे महिन्याला जवळपास सहा हजार जास्त. त्याच्या हातात ५२,००० येतात. मोटारसायकलचा हप्ता ३,०००, शिवाय घरखर्च, मुलीची शाळा आणि फ्लॅटचा मेंटेनन्स मिळून २२,०००. आजच्या हप्त्यानंतर हजारभर रुपये उरतात. वाढलेल्या हप्त्याला पाच हजार कमी पडतात.

तो म्हणाला, "आत्या, बँक हप्ता नाही वाढवत, मुदत वाढवते." खरं आहे, आणि कर्जदाराला कळत नाही ते इथेच. हप्ता तोच ठेवून दर साडेनऊ झाला तर वीस वर्षांचं कर्ज पंचवीस वर्षं आठ महिन्यांवर जातं. दहा टक्क्यांना ते बत्तीस वर्षांच्या पुढे जातं. साडेदहाला तर पहिल्या महिन्याचं व्याजच २६,२५० होतं, हप्त्यापेक्षा जास्त. मग मुद्दल फिटत नाही, उलट वाढतं. भारताच्या रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या सूचनेनुसार असं होऊ द्यायचं नाही, आणि दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्यायचं. भाचा आज चौतीस वर्षांचा आहे. नोकरदाराला बँक मुदत साधारण निवृत्तीच्या वयापर्यंतच देते, म्हणजे एकच टक्का वाढला तरी मुदतीची सगळी सवलत संपते. त्यानंतर हप्ताच वाढणार. कर्ज घेतल्यावर दर वेळी दर बदलला की स्टेटमेंटमध्ये उरलेले महिने बघायचे. गेल्या वर्षीपेक्षा ते कमी न होता वाढले असतील, तर काय चाललंय ते समजतं.

दादाचा भरवसा कापसावर आहे. "कमी पडलं तं कापसाचे पैसे हायेत ना." कापसाचा पैसा दिवाळीनंतर येतो, आणि जूनमध्ये बियाणं-खतात जातो. बोंडअळी आली, भाव पडला, तर तोही नाही. बँकेचा हप्ता मात्र जुलैतही तेवढाच असतो. म्हणून तो पैसा हिशेबात धरायचाच नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. आला तर मुद्दलात भरायचा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर त्याला दंड नाही.

मग आम्ही हिशेब उलटा मांडला. खर्च वजा जाता हप्त्याला जास्तीत जास्त २७,००० निघतात. साडेअकरा टक्क्यांना एका लाखाचा हप्ता १,०६६ पडतो. म्हणजे कर्ज पंचवीस लाखांचं. आज त्याचा हप्ता २१,६९६, आणि दर तीन टक्क्यांनी वाढला तरी २६,६६१. उरलेले पाच लाख एकतर आधी जमवायचे, नाहीतर पाच लाखांनी स्वस्त फ्लॅट बघायचा.

टोकन देण्याआधी आणखी एक गोष्ट त्याला करायला लावली आहे. आत्ताचं खोलीभाडं १०,००० आहे. ते आणि २६,६६१ यांतला फरक, १६,६६१ रुपये, पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकायचे आणि उरलेल्यात घर चालवायचं. शाळेची फी आणि पेरणीसाठी दादाला पाठवायचे पैसे, दोन्ही जूनमध्ये येतात, म्हणून तो महिना मोजल्याशिवाय बिल्डरकडे जायचं नाही असं ठरलंय. तोवर तो वर्धा रोडऐवजी बुटीबोरीच्या जवळचे, लहान फ्लॅट बघतोय.