रोधकता चुकली आणि मी मीटर ब्रिजवर संशय घेतला

तारेचा रोध मोजायचा मीटर ब्रिजचा प्रयोग मी एका बैठकीत उरकला आणि पुढचे तीन तास तो दुरुस्त करण्यात गेले. जर्नलमध्ये कॉन्स्टंटनच्या तारेची रोधकता आली ५.५९ × १०⁻⁷ ओहम-मीटर. पुस्तकात ती ४.९ × १०⁻⁷ दिलेली असते. म्हणजे १४ टक्क्यांचा फरक. सरांनी वही उघडली, आकडा पाहिला आणि एवढंच विचारलं, "कुठे चुकलं असेल, सांग." मी म्हटलं, "ब्रिज जुना आहे सर, एंड करेक्शन जास्त असणार." ते म्हणाले, "असणार नको. मोजून दाखव."

मांडणी नेहमीचीच होती. डाव्या फटीत रेझिस्टन्स बॉक्स, उजव्या फटीत आमची तार. स्क्रूंच्या मधली तिची लांबी बरोबर ७० सेंटिमीटर. ही लांबी स्क्रूखाली दबलेला भाग सोडून मोजायची, हे लॅब असिस्टंट काकांनी आधीच बजावलं होतं, म्हणून तिथे तरी मी फसले नाही. दोन्ही टोकांना एकेक सेंटिमीटर जास्त धरला असता तर तिथेच जवळजवळ तीन टक्के गेले असते. जॉकी ब्रिजच्या तारेवर जिथे टेकवली की गॅल्व्हानोमीटर शून्य दाखवतो, त्या शून्य बिंदूचं अंतर l डाव्या टोकापासून मोजलं की अज्ञात रोध मिळतो:

```
X = R (100 - l) / l
```

बॉक्समधून १, २, ३, ५ आणि ८ ओहम काढले, तेव्हा l अनुक्रमे २४.०, ३९.०, ४९.१, ६१.८ आणि ७२.२ सेंटिमीटर आला. सूत्रात घातल्यावर X आला ३.१७, ३.१३, ३.११, ३.०९ आणि ३.०८ ओहम. सरासरी ३.११५. पहिल्या वेळी मी सरासरी काढून मोकळी झाले होते. आता सरांच्या टेबलाशी उभी राहून त्याच पाच आकड्यांकडे पाहिलं तर ते खालीवर होत नव्हते, ओळीने उतरत होते. वाचताना हात चुकला असता तर एक जास्त, एक कमी असं झालं असतं. R वाढेल तसा X घटत जातो, याचा अर्थ चूक योगायोगाची नाही, प्रत्येक वाचनात ठरावीक रीतीने बसली आहे आणि शून्य बिंदू मधोमध नसला की ती जास्त बोचते.

ही चूक टोकांची. ब्रिजची तार दोन्ही बाजूंना तांब्याच्या जाड पट्ट्यांना जोडलेली असते. त्या सांध्यांना आणि पट्ट्यांना थोडा रोध असतो, शिवाय मोजपट्टीचा शून्य आणि तारेची खरी सुरुवात हे दोन्ही नेमके एकाच जागी असतीलच असं नाही. हा सगळा हिशेब तारेच्या जादा लांबीत धरतात: शून्याकडच्या टोकाला अल्फा, शंभराकडच्या टोकाला बीटा. शून्य बिंदू मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना साधारण सारखीच भर पडते आणि गुणोत्तर फारसं बिघडत नाही. पण २४ सेंटिमीटरच्या तुकड्यात सात मिलिमीटर मिसळले तर तीन टक्के तिथेच जातात, समोरच्या ७६ मध्ये चार मिलिमीटर कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

अल्फा, बीटा काढायला दोन्ही फटींत माहीत असलेले रोध लावायचे, शून्य बिंदू घ्यायचा, मग रोधांची अदलाबदल करून पुन्हा घ्यायचा. P डावीकडे असताना l1 आणि Q डावीकडे असताना l2 मिळालं, तर:

```
alpha = (Q*l1 - P*l2) / (P - Q)
beta  = (P*l1 - Q*l2) / (P - Q) - 100
```

आम्ही हाताला लागलेले ३ आणि २ ओहम लावले. l1 आलं ५९.८, l2 आलं ३९.९. अल्फा उणे ०.१, बीटा उणे ०.४! माझी पार्टनर म्हणाली, "उणे कसं येईल गं? तार आखूड झाली का?" खरं तर एकटा अल्फा उणे येऊ शकतो. मोजपट्टी सरकलेली असेल तर एका टोकाचं कमी होतं, पण तेवढंच दुसऱ्या टोकाला वाढतं. दोन्ही उणे, म्हणजे वाचनच चुकलंय. सरांनी छेदाकडे बोट दाखवलं. P वजा Q इथे फक्त १ आहे, आणि वर l1 ला २ ने, l2 ला ३ ने गुणलेलं आहे. l2 मध्ये एक मिलिमीटर चुकला की अल्फात तीन मिलिमीटर चुकतात. आपण जे मोजायला निघालोय तेच मुळात काही मिलिमीटरचं! P आणि Q सारखेच घेतले तर सूत्रात शून्य भागिले शून्यच उरतं.

मग १० आणि १ ओहम घेतले. छेद झाला ९. आता l1 मधली चूक अल्फापर्यंत पोचेतो नवव्या हिश्शाची होते, आणि l2 मधली एक मिलिमीटरची चूक जेमतेम १.१ मिलिमीटर होते. म्हणून अल्फासाठी शून्याजवळचा बिंदू जपायचा आणि बीटासाठी शंभराजवळचा. जॉकी घासत न्यायची नाही, उचलून टेकवायची. मी आधी जॉकीच्या कडेवरून वाचत होते आणि पार्टनर धारेवरून, तिथेच आमचे दीड-दोन मिलिमीटर हरवले होते. या वेळी दोघींनी धारच धरली, डोळा बरोबर वर ठेवला, प्रत्येक बिंदू तीनदा घेतला. बॉक्समधले प्लग दाबून फिरवून घट्ट केले, कारण १ ओहमच्या जोडीला सैल प्लगचा रोध आला तर तो टोकांच्या नावावर चढतो.

l1 आलं ९१.२ आणि l2 आलं ८.५.

```
alpha = (91.2 - 85.0) / 9        = 0.69 cm
beta  = (912.0 - 8.5) / 9 - 100  = 0.39 cm
```

म्हणजे ०.७ आणि ०.४. आता जुन्या पाच वाचनांत दुरुस्ती घातली:

```
X = R (100 - l + beta) / (l + alpha)
```

१ ओहमला ७६.४ भागिले २४.७, म्हणजे ३.०९३. ८ ओहमला ८ गुणिले २८.२ भागिले ७२.९, म्हणजे ३.०९५. पाचही किमती ३.०८८ ते ३.०९५ मध्ये येऊन बसल्या आणि उतरण नाहीशी झाली. खरं सांगते, या प्रयोगात मला सगळ्यात आवडलेला क्षण हाच. तक्ता एका झटक्यात शहाणा झाला.

मी धावत सरांकडे गेले. त्यांनी तक्ता पाहून मान डोलावली आणि विचारलं, "रोधकता किती आली?"

ती काढलीच नव्हती. काढली तर ५.५५ × १०⁻⁷. एवढं सगळं करून १४ चे १३ टक्के झाले होते! X ३.११५ वरून ३.०९ वर आला, म्हणजे बदल एका टक्क्याच्याही आत. विचार केला तर ते साहजिकच होतं. पाच वाचनं मध्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली होती, त्यामुळे सरासरीत टोकांची चूक बरीचशी आपोआप कटली होती. नुसती R आणि X ची अदलाबदल करून सरासरी घेतली असती तरी चाललं असतं: ३ ओहमला एका बाजूने ३.११० आणि दुसऱ्या बाजूने ३.०७३ येतो, मध्य ३.०९. दोन मिनिटांचं काम.

मग १३ टक्के कुठून आले? सर म्हणाले, "सूत्र लिही आणि प्रत्येक अक्षराला विचार, तू किती टक्के चुकू शकतोस."

```
rho = pi * d^2 * X / (4 * L)
```

L मध्ये ७० सेंटिमीटरला एक मिलिमीटर, ०.१४ टक्के. X मध्ये शून्य बिंदू मध्याजवळ असताना एक मिलिमीटरची चूक ०.४ टक्के. d मोजला स्क्रू गेजने. लीस्ट काउंट ०.०१ मिलिमीटर, आणि तारेचा व्यास सारा ०.४ मिलिमीटर. एक घर इकडचं तिकडे झालं की अडीच टक्के, आणि वर्ग असल्यामुळे रोधकतेत पाच. ज्या आकड्याला मी दोन मिनिटं दिली होती तोच सगळ्यांवर भारी होता.

वहीत व्यासाची पाच वाचनं होती, सगळी ०.४० च्या आसपास. एकसारखी आली म्हणून मला त्यांचा भरवसा वाटला होता. पण प्रत्येक वाचनात सारखीच मिसळलेली चूक वाचनं कितीही घेतली तरी दिसत नाही. स्क्रू गेज आणून, मध्ये काहीही न ठेवता, रॅचेटने टकटक वाजेपर्यंत बंद केला. चकतीचा शून्य रेषेवर येण्याआधीच जबडे मिटले, दोन घरं शिल्लक. शून्य त्रुटी अधिक ०.०२ मिलिमीटर, म्हणजे ती वजा करायची. व्यास ०.३८.

एकदा फसल्यावर मला त्या स्क्रू गेजवर विश्वास ठेवायचा नव्हता. त्याच रिळाचा एक लांबसर तुकडा घेऊन पेन्सिलीवर वेढ्याला वेढा चिकटवत ३० वेढे गुंडाळले आणि व्हर्नियर कॅलिपरने रुंदी मोजली: ११.४ मिलिमीटर. भागिले ३०, ०.३८. वेढ्यांत फट राहिली तर उत्तर मोठंच येईल, लहान येणार नाही. म्हणून ०.४० तर नक्कीच नाही. व्हर्नियरचं एक घर ०.१ मिलिमीटर, ते ११.४ मध्ये एक टक्काही भरत नाही. हा उपाय साधा आहे, फक्त तारेवर इनॅमल नको, नाहीतर त्याची जाडीही व्यासात मोजली जाते.

```
rho = 3.1416 * (0.38e-3)^2 * 3.09 / (4 * 0.70) = 5.0e-7 ohm m
```

पुस्तकाच्या किमतीपासून दोन टक्के दूर. त्या दोन टक्क्यांच्या मागे मी लागले नाही, कारण स्क्रू गेजच्या एका घराचाच पल्ला पाच टक्क्यांचा आहे. उत्तर ५.० ± ०.३ × १०⁻⁷ असं लिहिलं. वहीत "त्रुटींची कारणं" या मथळ्याखाली एका ताईच्या जर्नलवरून उतरवलेली आठ वाक्यं होती, त्यात स्क्रू गेज सातव्या क्रमांकावर होता. ती पानं खोडून मी व्यासापासून सुरुवात केली, एंड करेक्शन दुसरं लिहिलं, आणि दोन्हींपुढे टक्के टाकले.