तुम्ही विचारलंत म्हणून: ऑक्टोबरात जाणार नाही ना?

“मी मोठ्या हॉटेलात मॅनेजर होते. आता घराजवळ साधी रिसेप्शनची नोकरी हवी आहे, पण जिथं जाते तिथं ‘तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात’ म्हणतात. काय सांगू?”

असं म्हणणारा माणूस तुमचं मोठेपण मोजत नसतो. त्याला धास्ती असते, आणि गोव्यात त्या धास्तीचा महिनासुद्धा ठरलेला आहे. पावसाळ्यात माणूस घ्यायचा, शिकवायचा, आणि ऑक्टोबरात सीझन लागला की किनाऱ्यावरच्या रिसॉर्टनं तो उचलायचा. लहान हॉटेलवाल्यांनी हे पुष्कळदा सोसलंय.

मुंबईतली फ्रंट ऑफिस मॅनेजरची नोकरी सोडून मी पेडण्याला घरी आले आणि म्हापशातल्या एका लहान हॉटेलात अर्ज केला. मालकांनी सरळच विचारलं, “मांद्र्याची किनाऱ्यावरची रिसॉर्टं तुम्हांला जवळ. मग इथं कशाला?” मी म्हटलं, “तिथं मला पुन्हा मॅनेजरच करतील. रात्री-बेरात्री फोन, सगळ्यांची रोस्टरं. आईकडे बघायचं तर मला ठरलेली शिफ्ट हवी. आणि काउंटरवरचं काम मला आवडतं.” मग त्यांनी विचारायच्या आत मीच पगाराचं बोलले: या जागेला जो पगार ठरलाय तोच चालेल, घर स्वतःचं आहे, भाडं नाही. त्याहून कमी मात्र सांगितला नाही. स्वस्तात मिळणाऱ्या माणसाबद्दलचा संशय आणखी वाढतो.

“काहीही करायला तयार आहे” हे वाक्य टाळा. त्यातून नड दिसते, आवड दिसत नाही. आवड दिसते ती प्रश्नांतून. मी विचारलं, नाइट ऑडिट कोण करतं, दिवस किती वाजता क्लोज होतो, विदेशी पाहुण्यांच्या नोंदीचा फॉर्म चेक-इनलाच भरता की सकाळी? तो चोवीस तासांत ऑनलाइन जावा लागतो. रात्री उशिरा आलेल्या पाहुण्याच्या व्हिसाचा फोटो अस्पष्ट निघाला, की सकाळच्या शिफ्टवाल्याची धावपळ होते. हे ऐकल्यावर मालक खुर्चीत जरा पुढे सरकले आणि आदल्याच आठवड्यातली तक्रार सांगू लागले. त्यानंतर माझ्या जुन्या पदाचा विषय निघाला नाही.

वयानं लहान सुपरवायझरच्या हाताखाली काम जमेल का, हा प्रश्न बहुधा मनातच राहतो. तो तुम्हीच काढा: “रोस्टर त्यांचं, मी पाळीन. विचारलं तरच सल्ला देईन.” हे मनापासून जमणार नसेल, तर ती नोकरी घेऊ नका.

काहीजण बायोडेटातून मॅनेजरपद गाळायला सांगतात. मी नाही सांगणार. पीएफच्या यूएएन खात्यात जुन्या कंपन्यांची नोंद असते, आणि हॉटेलच्या धंद्यात एका फोनवर चौकशी होते. पद राहू द्या, पण त्याखाली बजेट आणि टीमचे आकडे लिहिण्याऐवजी काउंटरवर स्वतः काय केलंत ते लिहा.

एवढं करूनही नकार येतो. कधी कधी खरं कारण वेगळंच असतं आणि “ओव्हरक्वालिफाइड” हा नुसता सभ्य शब्द असतो. तिथं वाद घालू नका. “सीझनमध्ये माणूस सोडून गेला तर कळवा” एवढं सांगून या. ऑक्टोबरात तसे फोन येतात.