बुधवारची नाइट, गुरुवारची सकाळ

12 जुलै 2019, शुक्रवार. आठवड्याची हजेरी तपासताना टाइम ऑफिसच्या पडद्यावर भट्टी विभागातल्या एका ऑपरेटरच्या नावापुढे 34 तास 25 मिनिटं ओव्हरटाइम दिसत होता. याच माणसाची 5 तारखेची हजेरी मात्र अर्धवट होती, गेटवरच्या मशीनवर एकच पंच. आणि 11 तारखेला, म्हणजे गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला, पुन्हा एकच पंच. तो स्वतः काउंटरवर आला तो वेगळ्याच तक्रारीसाठी. "साहेब, शुक्रवारची नाइट पूर्ण भरलीय मी. गैरहजर कसं काय दाखवताय?"

पिंपरी-चिंचवड, भोसरी भागातल्या बऱ्याच कारखान्यांसारखी आमच्याकडेही सुट्टी गुरुवारी. पाळ्या सरळ आठ-आठ तासांच्या: पहिली सकाळी 7 ते 3, दुसरी 3 ते रात्री 11, तिसरी रात्री 11 ते सकाळी 7. नोटीस बोर्डवरच्या तक्त्यात आडव्या ओळीत नाव, उभ्या रकान्यात तारीख, आणि चौकोनात I, II, III किंवा 'सुट्टी'. या ऑपरेटरच्या ओळीत 5 ते 10 जुलै सहा वेळा III होतं आणि 11 ला सुट्टी.

तक्त्यातली तारीख ही पाळी सुरू होण्याची तारीख असते, हे पहिल्यांदा पक्कं करून घ्यावं लागतं. 10 च्या रकान्यातला III म्हणजे बुधवारी रात्री 11 ला गेटमधून आत आणि गुरुवारी सकाळी 7 ला बाहेर. आठपैकी सात तास 11 तारखेत पडतात, तरी हजेरी 10 चीच. कामगारांच्या बोलण्यात हे नीट असतं; ते तिला 'बुधवारची नाइट'च म्हणतात, गुरुवारी पहाटे तीन वाजता विचारलं तरी. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही, त्यामुळे आपल्याकडे हे ऐकायला विचित्रही वाटत नाही. अडचण येते ती तारीख आकड्यात लिहिल्यावर, कारण भिंतीवरचं कॅलेंडर आणि मशीनचं घड्याळ दोन्ही रात्री 12 वाजता पान उलटतात.

मशीनमधून त्याचे मूळ पंच काढले, ते असे:

```
05-07  IN  22:51
06-07  OUT 07:08   IN 22:47
07-07  OUT 07:06   IN 22:53
08-07  OUT 07:11   IN 22:44
09-07  OUT 11:12   IN 22:55
10-07  OUT 07:05   IN 22:48
11-07  OUT 07:09
```

IN आणि OUT ही नावं इथे समजण्यासाठी टाकली आहेत. आमच्या गेटवरचं मशीन फक्त वेळ नोंदवतं. आत की बाहेर हे सॉफ्टवेअर ठरवतं. त्या माणसाची पाळी मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या कायम नोंदीत, 'जनरल' म्हणजे दिवसपाळी असेल तर ते एका तारखेतला पहिला पंच आत आणि शेवटचा बाहेर धरतं. हा ऑपरेटर 5 तारखेपासून जनरलमधून भट्टीवर आला होता. तक्त्यात त्याचं नाव चढलं, मास्टरमध्ये पाळी बदलायची राहून गेली.

मग 6 तारखेला सॉफ्टवेअरने काय वाचलं? सकाळी 07:08 ला आत, रात्री 22:47 ला बाहेर, एकूण 15 तास 39 मिनिटं. आठ वजा करून 7 तास 39 मिनिटं ओव्हरटाइम. प्रत्यक्षात 07:08 ला तो घरी निघाला होता आणि 22:47 ला परत आला होता. म्हणजे माणूस घरी झोपला होता तो वेळ कामाचा धरला गेला आणि भट्टीसमोर उभा होता तो वेळ हिशेबातून गेला. असे पाच दिवस. पहिल्या तारखेला जोडीदार नसलेला पंच उरला, कारण तिथे फक्त आत येणं होतं. शेवटच्या तारखेलाही तसाच, कारण तिथे फक्त बाहेर जाणं होतं.

ही चूक ओळखायची खूण पक्की आहे. ओळीने पंधरा-साडेपंधरा तासांचे दिवस आणि दोन्ही टोकांना एकेक सुटा पंच दिसला की तो नाइटचा माणूस दिवसपाळीच्या नियमाने वाचला गेला आहे.

पण मला त्या यादीत सगळ्यात जास्त खटकली ती 9 तारीख. तिथे सॉफ्टवेअरने सगळ्यात कमी तास दाखवले होते: 11:12 ते 22:55, म्हणजे 11 तास 43 मिनिटं. खरा ओव्हरटाइम नेमका त्याच्या आदल्या रात्री झाला होता. सकाळच्या पाळीचा बदली माणूस आला नाही, भट्टी सोडून जाता येत नाही, म्हणून हा चार तास थांबला. घरी राहिलेला वेळ चार तासांनी घटला, म्हणून सॉफ्टवेअरचे तास घटले. जितकं जास्त काम, तितका कमी ओव्हरटाइम, असा उलटा हिशेब.

हे चार तास कोणत्या तारखेचे, हा पुढचा प्रश्न. ते घड्याळाप्रमाणे पूर्णपणे 9 तारखेचे आहेत, भर दिवसाचे, सकाळी 7 ते 11. तरी ते 8 तारखेलाच जातात. 8 च्या रात्री 11 ला सुरू झालेली पाळी 9 च्या सकाळी 11 ला संपली. सलग 12 तास, त्यातले आठ पाळीचे, चार वरचे, आणि आमच्याकडे आठच्या पुढचा प्रत्येक तास दुप्पट दराने धरतात. ते चार तास 9 ला टाकले तर त्या तारखेच्या नाइटला ते चिकटतात, आणि पर्यवेक्षकाने सही केलेली ओव्हरटाइम स्लिप, जिच्यावर पाळीची तारीख 8 आहे, जुळत नाही.

याला कायद्याचा आधार आहे. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 मध्ये 'दिवस' म्हणजे मध्यरात्रीपासूनचे 24 तास, अशी व्याख्या आहे. मात्र मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीसाठी कलम 57 वेगळा नियम सांगतं: मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसात मोजायचे, आणि त्या कामगाराचा पुढचा दिवस पाळी संपल्यापासूनचे 24 तास. साप्ताहिक सुट्टीही तशीच, पाळी संपल्यापासून सलग 24 तास.

सुट्टीचा हा भाग त्याच दिवशी लगेच उपयोगी पडला. घाईत एका सहकाऱ्याने हाताने दुरुस्ती केली आणि सहाही रात्री बाहेर पडण्याच्या तारखेने टाकल्या, 6 ते 11. तास बरोबर आले, बेरीज बरोबर आली, आणि तरीही सगळं चुकलं. 5 तारखेला पूर्ण गैरहजेरी लागली आणि गुरुवारी 11 ला 'सुट्टीच्या दिवशी काम' उमटलं, म्हणजे बदली सुट्टी देणं आलं. प्रत्यक्षात त्याची सुट्टी गुरुवारी सकाळी 7 ला सुरू झाली आणि शुक्रवारी सकाळी 7 ला संपली. गुरुवारची पहाट सुट्टीत नव्हतीच. (याच कारणाने नाइटवाल्याला सुट्टीनंतर शुक्रवारी पहिल्या पाळीला बोलवू नये असं माझं मत आहे. 24 तास कागदावर भरतात, पण त्यातला पहिला दिवस झोपेत जातो. दुसरी पाळी द्यावी.)

योग्य दुरुस्ती दोन पायऱ्यांची होती. मास्टरमध्ये 5 जुलैपासून तिसरी पाळी लावली आणि मग हजेरी पुन्हा चालवली, 5 ते 11. इथे 10 पर्यंतच चालवायचा मोह होतो, कारण III चा शेवटचा रकाना 10 चा आहे. पण त्या रात्रीचा बाहेरचा पंच 11 ला आहे; तो आवाक्यात आला नाही तर 10 तारीख अर्धवट राहते. महिनाअखेरीलाही हेच. 31 ची नाइट 1 तारखेला सकाळी 7 ला सुटते, कोणी थांबलं तर अकराला. म्हणून महिन्याची हजेरी 1 तारखेच्या दुपारी 12 नंतरच बंद करावी.

सॉफ्टवेअरची दिवसाची सीमाच मध्यरात्रीऐवजी सकाळी 7 केली तर काम भागेल, असं अनेकांना वाटतं. भागत नाही. सकाळी 06:40 ला गेटवर पंच करणारा पहिल्या पाळीचा माणूस आजचा आहे आणि 07:09 ला त्याच मशीनवर पंच करणारा नाइटचा माणूस कालचा. 7 ची सीमा ठेवली तर आधी आलेला कालच्या तारखेत जातो आणि नंतरचा आजच्या, दोघेही उलट. सीमा पुढे-मागे सरकवून हे सुटत नाही, कारण त्या अर्ध्या तासात दोन तारखांची माणसं एकाच गेटमधून येतात-जातात. पंचची तारीख त्या माणसाच्या तक्त्यावरूनच ठरते.

फक्त तिसऱ्या पाळीची माणसं वेगळी काढली असतील तर एक्सेलमध्ये पडताळणी सोपी आहे. A2 मध्ये पंचची तारीख आणि वेळ एकत्र असेल तर:

```
=INT(A2-0.5)
```

आणि उत्तराच्या रकान्याला तारखेचं स्वरूप द्यायचं. प्रत्येक पंच बारा तास मागे सरकतो आणि जी तारीख उरते ती पाळीची. 10 ची 22:48 आणि 11 ची 07:09, दोन्ही 10 वर येतात. 9 ची 11:12 बरोबर 8 वर जाते. हे दुपारी 12 पर्यंतच चालतं. कोणी पूर्ण डबल पाळी करून दुपारी 3 ला बाहेर पडलं तर तो पंच नव्या तारखेत पडेल, तो हातानेच लावावा लागतो.

हजेरीपेक्षा जास्त गोंधळ रजेच्या अर्जात होतो. नाइटवाल्याला रविवारी 7 तारखेला सकाळी लग्नाला जायचं असेल आणि त्याने '7 ची रजा' लिहिली, तर त्याला मिळते रविवार रात्रीची सुट्टी. शनिवारी रात्री 11 ला मात्र त्याने हजर असायला हवं आणि लग्नाच्या सकाळी 7 ला तो भट्टीवरून सुटतो. त्याला हवी असते 6 ची रजा. म्हणून आमच्या अर्जावर तारखेखाली आता एक ओळ वाढवली आहे: 'तिसरी पाळी असल्यास: दि. __ च्या रात्री 11 पासून दि. __ च्या सकाळी 7 पर्यंत'.

दोन तारखा एकत्र लिहिणं पहाटेच्या गेट पासवरही लागतं: 'पाळी दि. 8, बाहेर दि. 9 पहाटे 2:10'. अपघाताच्या नोंदवहीत मात्र घड्याळाचीच तारीख आधी लिहायची, कारण दवाखान्याच्या कागदावर तीच असणार, आणि पाळीची तारीख शेऱ्यात.