चार्जिंग पोर्ट साफ करताना माझा अर्धा तास कुठे गेला

टाइप-सी केबल आत जाताना शेवटचा ‘टक्’ लागत नसेल आणि पिन हलवली की चार्जिंग तुटत असेल, तर दुकानदार लगेच म्हणतो, “पोर्ट बदलावा लागेल.” मलाही तेच ऐकवलं गेलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. आधी तीच केबल दुसऱ्या फोनला लावून बघा. तिथे पूर्ण आत बसत असेल आणि तुमच्या फोनला मात्र मिलिमीटरभर बाहेर राहत असेल, तर दोष बहुधा तळाशी दाबलेल्या कचऱ्याचा.

खिशातले कापडाचे तंतू आत जातात आणि दर वेळी केबल त्यांना थोडं खाली ठोकते. काही महिन्यांत त्यांची घट्ट गादी होते. म्हणूनच टॉर्च मारून पाहिलं तरी कचरा दिसत नाही, पोर्टचा तळच राखाडी वाटतो.

खरी अडचण ही गादी सोडवण्याची. पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्या वरच्या आणि खालच्या बाजूला बारा-बारा संपर्क, म्हणजे धातूच्या बारीक पट्ट्या, असतात. जिभेच्या वर आणि खाली मिलिमीटरपेक्षाही कमी फट असते. अख्खी टूथपिक तिथे मावत नाही, आणि जोर केला तर जीभ वाकते. ब्लेडने टूथपिकचं टोक तासून चपटं, कागदाच्या दोन-तीन घड्यांइतकं पातळ केलं की काम होतं. सुरुवात मधून करू नका. जिभेच्या डाव्या-उजव्या टोकाला थोडी मोकळी जागा असते आणि तिथे संपर्क नसतात. काडी तिथून तळापर्यंत न्या, बाहेरच्या पत्र्याला टेकवून हलकेच फिरवा आणि आपल्याकडे ओढा. पहिल्या पाच-सहा खेपांत काहीच येत नाही, आणि इथेच धीर सुटून माणूस सुई उचलतो. ती उचलू नका. सुई संपर्कांवरचा सोन्याचा मुलामा खरवडते, आणि फोन चालू असेल तर शेजारचे संपर्क जोडून शॉर्टही करते. एका टोकाची गादी सुटली की पुढे गोळेच्या गोळे येतात.

हो, फोन आधी पूर्ण बंद करायचा, हे सगळ्यात वर सांगायला हवं होतं. पोर्ट खाली धरा, म्हणजे सुटलेला कचरा आत परत जाणार नाही. तोंडाने फुंकर मारू नका, वाफ आत जाते. काडीचं टोक मऊ पडलं की नवीन तासा, नाहीतर लाकडाचा तुकडाच आत अडकतो.

साफ झाल्यावर केबल ‘टक्’ करून बसते. नीट बसूनही चार्जिंग तुटत असेल, किंवा संपर्कांवर हिरवट-काळे डाग दिसत असतील, तर मग दुकानदाराचं म्हणणं खरं असू शकतं.